आरएसव्हीपीला ‘अजून नक्की नाही’ असं कळवायचं असेल तर

प्रश्न: मिस्टरांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न २२ फेब्रुवारीला, रविवारी, कोथरूडच्या कार्यालयात आहे. पत्रिकेवर आरएसव्हीपी लिहून एक नंबर दिलाय, ‘किती जण येणार ते ८ तारखेपर्यंत कळवावे’ म्हणून. आम्ही घरात चौघं. मी आणि मुलगी नक्की जाणार. मिस्टरांना त्याच आठवड्यात दौऱ्यावर जावं लागेल की नाही ते १३ तारखेला कळेल. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना ९ तारखेला डॉक्टर बघणार आहेत. ‘बघतो’ म्हणणं बरं दिसत नाही, आणि ‘हो’ म्हणून गेलो नाही तर ते त्याहून वाईट. काय कळवू?

उत्तर: आजच कळवा, आणि चौघांचं मिळून एक उत्तर देऊ नका. तुमच्या घरात अनिश्चित फक्त दोघं आहेत. ‘आमचं नक्की नाही’ म्हटलंत की यजमानांच्या यादीत तुमच्या घरापुढे शून्य ते चार असा आकडा पडतो. ‘दोघी नक्की, दोघांचं कळवते’ म्हटलंत की तोच दोन ते चार होतो. मेसेज साधारण असा लिहा:

“वहिनी, पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. आमच्याकडून मी आणि लेक अशा दोघी नक्की येतोय, आमची दोन पानं धरा. ह्यांचा दौरा आणि आईंच्या डोळ्याची तपासणी, यामुळे त्या दोघांचं आज सांगता येत नाही. शनिवारी १४ तारखेला दुपारी १२ पर्यंत मी स्वतः मेसेज करून पक्कं कळवते. केटररला आकडा त्याआधी द्यायचा असेल तर मोकळेपणी सांगा, मग दोघीच धरा. १४ ला काही कारणाने माझा मेसेज आला नाही, तरी दोघीच धरा.”

एवढं पुरे. यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला ते आपल्या शब्दांत बदलून घेता येईल.

आधी तारखेचं बघू, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. अशा निमंत्रणात तीन तारखा असतात. पहिली पत्रिकेवर छापलेली, तुमच्याकडे ८ फेब्रुवारी. दुसरी केटररला पक्का आकडा द्यायची, ती कुठेच छापलेली नसते. तिसरी तुम्हाला स्वतःला कळण्याची, म्हणजे १३. पुण्यातले कार्यालयांत काम करणारे केटरर साधारणपणे तीन-चार दिवस आधी शेवटचा आकडा मागतात. मोठ्या हॉटेलात किंवा मुळशी-लोणावळ्याकडच्या रिसॉर्टवर तो आठवडाभर आधीही मागतात. तोपर्यंत वाढपी किती लागतील, दुधाची, चक्क्याची ऑर्डर किती, मार्केट यार्डातून भाजी किती उचलायची, हे ठरवायचं असतं. एकदा दिलेला आकडा ही हमी असते. पानं त्यापेक्षा कमी उठली तरी पैसे हमीच्या आकड्याचेच द्यावे लागतात, जास्त उठली तर जास्तीचे वेगळे. ताटाला ९०० रुपये धरले, तर तुमची दोन न आलेली माणसं यजमानांना १८०० रुपयांना पडतात. अशी पंधरा घरं निघाली की रक्कम २७,००० होते.

तुमचं लग्न २२ चं, म्हणजे केटररची तारीख १८ च्या, बुधवारच्या, आसपास असणार. मग यजमानांनी ८ का छापली? कारण निम्मी घरं आपणहून कळवतच नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. ८ ते १८ हे दहा दिवस त्यांनी उरलेल्यांना फोन करायला ठेवलेले असतात. म्हणजे जागा आहे, पण ती त्यांनी स्वतःसाठी राखलेली आहे. म्हणून ८ नंतरची तारीख परस्पर जाहीर करायची नाही, विचारून घ्यायची. मेसेजमधलं ‘त्याआधी द्यायचा असेल तर सांगा’ हे वाक्य त्यासाठी आहे. त्यात त्यांना ‘नाही चालणार’ म्हणायला सोपी वाटही मिळते, आणि तुम्हाला ‘नाही’ आलं तरी कुणी दुखावत नाही.

तारीख निवडताना तुम्हाला कळण्याच्या तारखेत एक दिवस मिळवा. दौऱ्याचं १३ ला, शुक्रवारी, कळणार. पण ऑफिसातला शुक्रवार कधीकधी रात्री नऊपर्यंत लांबतो. म्हणून १३ सांगू नका, १४ सांगा. वेळही सांगा. ‘१४ ला कळवते’ म्हटलं की तुमच्या डोक्यात रात्री अकराही १४ च असते. यादी सांभाळणारा मात्र सकाळपासून वाट बघत असतो आणि संध्याकाळी सहाला वैतागून फोन करतो. ‘दुपारी १२ पर्यंत’ म्हटलं की तो १२ पर्यंत निवांत राहतो.

सासूबाईंचं ९ लाच कळेल, मग दोन तारखा द्याव्या का? देऊ नका. यजमानांकडे दीड-दोनशे घरांची यादी असते. एका घरापुढे दोन तारखा लिहिल्या की त्यातली एक विसरली जाते. एकच, शेवटची तारीख सांगा. ९ ला कळलं तर त्या दिवशीच एका ओळीत कळवून टाका. आधी कळवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

‘पुढच्या आठवड्यात सांगते’, ‘दोन-तीन दिवसांत फोन करते’, ‘महाशिवरात्र झाली की बघू’, या तारखा नव्हेत. यादीत ‘पुढचा आठवडा’ असं लिहिता येत नाही, त्यामुळे तुमच्या घरापुढचा रकाना कोराच राहतो. त्या रकान्यात काय भरायचं ते मग यजमान अंदाजाने ठरवतात, आणि अंदाज बहुधा ‘येतील’ असाच असतो, कारण पान कमी पडण्याची भीती जास्त असते.

आता शब्दांचं. आपल्याकडे नाही म्हणायचं नसलं की ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘नक्की प्रयत्न करतो’, ‘येऊच बहुतेक’ असं म्हणायची रीत आहे. समोरासमोर ते गोड वाटतं. पण आकडा लिहायचा असला की प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. ‘प्रयत्न करतो’ म्हणजे ‘नाही’, असं एक काकू ठामपणे धरतात. दुसऱ्या काकू ‘बिचारे येतायत’ असं धरून चार पानं लिहितात. दोघींचंही चुकत नाही, कारण बोलणारा दोन्ही अर्थांनी ते वापरतो. ‘येतोय’, ‘येत नाही’ आणि ‘अमुक तारखेला कळवते’, एवढीच तीन उत्तरं यादीत लिहिता येतात. चौथं देऊ नका.

कारण एकाच ओळीत सांगा. दौरा कुठे, कुणाच्या जागी, साहेब काय म्हणाले, हे लिहिलंत की त्यावर चर्चा सुरू होते. ‘अगं, त्यांना सांग दुसऱ्याला पाठवायला’, ‘आईंना आम्ही गाडी पाठवतो’ असं प्रेमानेच सुचवलं जातं. मग तुम्ही संकोचून ‘बरं, बघते’ म्हणता, आणि जे उत्तर टाळायचं होतं तेच देऊन बसता. कारण अजिबात न सांगणंही बरं नाही. त्याने ‘यांना यायचंच नाही’ असं वाटतं. ‘दौरा आणि डोळ्याची तपासणी’ एवढ्यात दोन्ही गोष्टी साधतात.

मेसेजचं शेवटचं वाक्य, ‘मेसेज आला नाही तरी दोघीच धरा’, बहुतेक जण लिहीत नाहीत. माझ्या मते सगळ्या मेसेजमधलं तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात यजमानांना फोन करायला वेळ नसतो. तुम्ही विसरलात, तुमचा फोन बिघडला, नेट नव्हतं, काहीही झालं तरी त्यांच्याकडे तुमचा एक आकडा आधीच लिहिलेला असतो. तो आकडा कमीचाच द्या. पुढे दोन माणसं वाढली तर यजमानांना आनंद होतो, दोन गळाली तर पानं वाया जातात. अर्थात ‘दोघी धरा’ म्हणून न कळवता चौघांनी जायचं असा याचा अर्थ नाही. बुफे असेल तर दोन जास्तीची माणसं खपून जातात, केटरर थोडा हात राखूनच स्वयंपाक करतो. पंगत असेल तर प्रत्येक पान मोजून मांडलेलं असतं. दोन आगंतुक बसले की शेवटच्या पंगतीत घरची माणसं उभी राहतात.

काही निमंत्रणांत नियम उलटा असतो. ‘येणे शक्य नसेल तरच कळवावे’ असं लिहिलेलं असलं, तर गप्प राहणं म्हणजे ‘येतोय’. तिथे तुम्ही काहीच कळवलं नाही तर चार पानं धरली जातील. त्यामुळे पत्रिकेवरची ती ओळ नीट वाचा. आरएसव्हीपी ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ एवढाच की कृपया उत्तर द्यावे. यायचं नसेल तर कळवायची गरज नाही, असा गैरसमज आपल्याकडे बराच आहे. नकारही कळवायचा असतो.

मेसेज पाठवायचा कुणाला, हाही प्रश्न असतोच. पत्रिकेवरचा नंबर बरेचदा वधूच्या आईवडिलांचा नसतो. एखादा काका, मावशी, भाऊ किंवा यादीचं काम घेतलेलं माणूस असतं. यादी त्याच्याकडे असते, एखाद्या वहीत किंवा गूगल शीटमध्ये. तुम्ही जाऊबाईंना फोनवर सगळं नीट सांगितलंत, त्यांनी ‘हो हो, कळलं’ म्हटलं, आणि त्या रुखवताच्या गडबडीत विसरल्या, असं सर्रास होतं. म्हणून लेखी मेसेज त्या नंबरवरच जायला हवा. तो नंबर वहिनींचा नसेल तर ‘वहिनी’ काढून ‘नमस्कार, मी अमुकची अमुक’ अशी ओळख घाला. वरासाठी आणि वधूसाठी वेगळ्या याद्या असतात, त्यामुळे कुणाकडून निमंत्रण आहे तेही लिहा. वहिनींना वेगळा फोन करा, तो आपुलकीचा. आकडा मात्र एकाच जागी जाऊ द्या. दोन जागी दोन वेळा सांगितलेलं घर यादीत दोनदा चढतं, किंवा दोघंही दुसऱ्याने लिहिलं असेल असं समजतात.

नंबरऐवजी गूगल फॉर्म आला तर? त्यात ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ असे दोनच पर्याय असतात, आणि पुढे संख्येचा रकाना. तुमच्यासारख्या घराने ‘येणार’ निवडून संख्या २ भरावी. ‘काही सांगायचे असल्यास’ असा रकाना असेल तर त्यात ‘आणखी दोघांचे १४ फेब्रुवारी, दुपारी १२ पर्यंत कळवते’ असं लिहावं. फॉर्म पाठवल्यावर Edit your response असा दुवा दिसला तर तो जपून ठेवा, म्हणजे तोच फॉर्म नंतर दुरुस्त करता येतो. पण तो दुवा फॉर्म बनवणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच दिसतो. नाही दिसला तर दुसरा फॉर्म भरू नका, नाहीतर तुमची दोन आणि चार मिळून सहा माणसं होतील. सरळ फोन किंवा मेसेज करा. घरातलं कुणीच नक्की नसेल, तर फॉर्म भरण्याआधी मेसेज करा. ‘येणार नाही’ असं भरून नंतर फिरवलं, तर तुमची जागा तोवर दुसऱ्याला दिलेली असू शकते.

कुणी घरी येऊन अक्षत आणि पत्रिका देतं, तेव्हा हे सगळं जास्त अवघड होतं. हातात पत्रिका, समोर चहा, आणि ‘सगळ्यांनी यायचं हं!’ असा आग्रह. तोंडातून ‘हो हो, येणारच’ निघून जातं, आणि तेच त्यांच्या लक्षात राहतं. मग तुम्ही संध्याकाळी मेसेज पाठवता तेव्हा तो शब्द फिरवल्यासारखा वाटतो. त्यामुळे उंबऱ्यावरसुद्धा तेच वाक्य बोला: “आम्ही दोघी नक्की. ह्यांचं आणि आईंचं चौदा तारखेला मी तुम्हाला पक्कं कळवते.” आणि पत्रिकेच्या पाकिटावर त्यांच्यासमोरच ‘१४, दु. १२’ असं लिहून ठेवा. बघणाऱ्याला खात्री पटते, आणि तुम्हाला ते पाकीट फ्रीजवर लावता येतं.

तारीख मागून घेऊ नये अशीही काही निमंत्रणं असतात. मेहूण म्हणून जेवायला बोलावलं असेल, बोडणाला किंवा मंगळागौरीला सवाष्ण म्हणून सांगितलं असेल, मुंजीत मुलाला अष्टवर्गाला बसवायचं असेल, तर तिथे माणसांची संख्या ठरलेली असते. तुम्ही आला नाहीत तर यजमानांना त्या जागी दुसरं कुणी शोधावं लागतं, आणि ऐनवेळी ‘तुम्ही बदली म्हणून या’ असं कुणाला सांगणं त्यांना जड जातं. अशा ठिकाणी त्याच दिवशी हो किंवा नाही सांगा. नक्की नसेल तर नाहीच सांगा. घरगुती आठ-दहा जणांच्या जेवणालाही हेच लागू. आणि लग्नात मुक्काम असेल तर खोल्यांची तारीख पानांच्या बऱ्याच आधी येते, कारण न लागणाऱ्या खोल्या हॉटेलला परत करायची मुदत वेगळी असते. तेव्हा खोलीचं वेगळं विचारा: ‘जेवणाचं १४ ला कळवते, पण खोली आमच्यासाठी अडवून ठेवू नका, लागली तर आमची आम्ही बघू.’

तुमचं कोथरूडचं, त्यामुळे खोलीचा प्रश्न नाही. पण सासूबाईंच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना ‘लग्नाला गेलं तर चालेल का’ एवढंच विचारू नका. डॉक्टर ‘हो, जा की’ म्हणतील. होमाचा धूर, गर्दीतला धक्का, अक्षता डोळ्याजवळ येणं आणि दोन-तीन तासांचं बसणं, हे नाव घेऊन विचारा. उत्तर कदाचित ‘जेवायला आणि आशीर्वादाला जा, लग्न लागताना थांबू नका’ असं येईल. मग १४ च्या मेसेजमध्ये तेच लिहिता येईल.

आजचा मेसेज गेल्यावर लगेच फोनमध्ये दोन आठवणी लावा. एक शुक्रवारी १३ ला संध्याकाळी, मिस्टरांना विचारायला. दुसरी शनिवारी १४ ला सकाळी दहाला, मेसेज पाठवायला. फक्त १४ ची लावलीत तर त्या वेळी मिस्टर मीटिंगमध्ये असतील आणि बारा वाजून जातील.

१४ चा मेसेज आधीच्या मेसेजलाच रिप्लाय करून पाठवा. यादीवाल्याला तुमचं घर शोधावं लागत नाही. त्यात एकूण आकडा लिहा, फक्त बदल लिहू नका. ‘आई पण येतायत’ असं लिहिलं तर तीन की चार, ते त्यांना मागचं वाचून काढावं लागतं. असं लिहा:

“वहिनी, कळवते म्हटलं होतं त्याप्रमाणे: २२ ला आमच्याकडून एकूण तिघी, मी, लेक आणि आई. ह्यांचा दौरा निघाला, त्यांना जमत नाही, त्यांच्याकडून आशीर्वाद. आईंना होमाच्या धुरापासून जरा लांब खुर्ची मिळाली तर बरं होईल.”

दौऱ्याचं १३ लाही ठरलं नाही तर? मग १४ ला मिस्टरांचं उत्तर ‘नाही’ असं कळवा. दुसरी तारीख मागू नका. पहिल्यांदा मुदत मागणं यजमानांना व्यवस्थित वाटतं. दुसऱ्यांदा मागितली की तुम्ही ‘फोन करायच्या’ यादीत जाता आणि पुढचे चार दिवस त्यांचं एक काम वाढतं. दवाखान्याचं कारण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लोक समजून घेतात. ‘नाही’ कळवल्यावर १७ ला दौरा रद्द झाला, तर विचारा: ‘ह्यांना आता जमतंय, एक पान वाढवता येईल का? नसेल तर ते फक्त लग्नाला येतील, जेवायला थांबणार नाहीत.’ १८ च्या आत विचारलंत तर बहुतेक वेळा ‘अहो, या की!’ असंच उत्तर येतं.

उलटं झालं, म्हणजे येतो म्हणून कळवलं आणि आजारपण निघालं, तर १८ च्या आत असेल तेव्हा लगेच फोन करा, कारण तेव्हा पान अजून वाचवता येतं. त्यानंतर असेल तर यादीच्या नंबरवर दोन ओळींचा मेसेज पुरे. लग्नाच्या दिवशी सकाळी मुलीच्या आईला फोन करू नका. त्या वेळी त्या गौरीहराच्या तयारीत असतील, आणि तुमचं पान तोवर मांडून झालेलं असेल. त्यांना दोन दिवसांनी, घर जरा शांत झालं की फोन करा.